दार बंद करून विचार कर

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी फ्रीजचा फोटो काढला. भाजीच्या टोपलीचाही काढला आणि पलंगावर आडवा झालो. आठवडाभर रात्री काय करायचं ते आडवं पडून ठरवण्यात जी चैन आहे ती उघड्या फ्रीजपुढे उभं राहून ठरवण्यात नाही. शिवाय तसं उभं राहायची मला लहानपणापासून भीती आहे. दार उघडलं आणि दोन क्षण नुसता बघत राहिलो की आतून आई ओरडायची, "काय हवंय ते आधी ठरव आणि मग दार उघड! सगळा गारवा बाहेर चाललाय." ते खरंही होतं. गार हवा जड असते, दार उघडलं की ती खालून पायांवर सांडते. उघड्या फ्रीजपुढे घोट्यांना जे गार लागतं ते तेच. पण आत काय आहे ते पाहिल्याशिवाय काय हवंय ते ठरवायचं कसं, हा प्रश्न तेव्हा विचारायची सोय नव्हती. आता फोन आहे. एकदा टिपायचं, दार लावायचं आणि मग हवा तितका वेळ बघत बसायचं. आईची आज्ञा पाळायला मला तीसेक वर्षं आणि एक कॅमेरा लागला.

पहिला फोटो वायाच गेला. दिवा मागच्या बाजूला, त्यामुळे पुढच्या सगळ्या बरण्या काळ्या सावल्या होऊन उभ्या. खालचा भाजीचा कप्पा बंदच. मग उठून प्रत्येक फळीचा वेगळा फोटो घेतला, कप्पा बाहेर ओढून वरून एक, आणि टोपलीचा एक. यादी झाली ती अशी: पालकाची जुडी, अर्धी काकडी, मूठभर फरसबी, चार टोमॅटो, अर्धा कोबी, पाच गाजरं, सहा अंडी, दही, टोपलीत बटाटे, कांदे, आलं आणि लाल भोपळ्याची चांगली मोठी फोड. शिवाय सगळ्यात मागे झाकण लावलेला एक स्टीलचा डबा.

यादी हातात आली की पदार्थ सुचायला लागतात. ते मी मुद्दाम दाबतो. आधी कोण किती दिवसांचं सोबती आहे ते बघायचं. हे मी आईकडून उचललं. शनिवारी ती टोपली जमिनीवर पसरलेल्या वर्तमानपत्रावर उपडी करायची आणि तीन ढीग लावायची: आजचं, उद्याचं आणि 'राहतंय'. माझं काम कांदे मोजायचं. ती प्रत्येक वस्तू उचलायची, अंगठ्याने जरा दाबायची, उलटी करायची, देठाकडून वास घ्यायची. वांग्याचा देठ वाळलाय म्हणून ते 'राहतंय'मधून 'आजचं'मध्ये यायचं. कुठल्या ढिगाचं काय होणार हे तिने कधी लिहून ठेवलं नाही. ढीग लागले म्हणजे तिचा आठवडा लागला.

मी फोटोवरूनच ढीग लावले. पालक अर्थातच आजचा. पानं जितकी पातळ तितकं पाणी लवकर उडतं, आणि जुडीच्या मध्यभागी ओल साचून सड सुरू होते ती बाहेरून दिसत नाही. त्यातून हे टोमॅटो त्याच्याच कप्प्यात बसलेले. पिकलेल्या टोमॅटोतून इथिलीन नावाचा वायू निघतो, त्याने शेजारची हिरवी पानं आणि काकडी लवकर पिवळी पडतात. म्हणून सोमवारी पालक आणि अंडी, सोबत दह्यात काकडी. जुडी फोटोत कितीही ऐसपैस दिसली तरी शिजून तिची वाटीभर होते, तेव्हा अंड्यांवाचून दोघांचं भागलं नसतं.

मंगळवारी फरसबी-टोमॅटो आणि भात. भात मुद्दाम दुप्पट, म्हणजे बुधवारी त्यातच गाजर आणि कोबी परतून जेवण. इथे मी जरा कडक आहे. उरलेला भात ओट्यावर पातेल्यात तासन्‌तास निवत ठेवायचा नाही. तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात आणि विष तयार करतात, आणि ते विष दुसऱ्या दिवशी कितीही गरम केलं तरी जात नाही. म्हणून जेवण झालं की भात ताटात पसरायचा आणि निवला की तासाभरात फ्रीजमध्ये. घरात यावरून मला बोलणी बसतात, पण बसू देत.

गुरुवार मोकळा ठेवला. सातही दिवस भरलेला बेत माझ्याकडे कधीच टिकलेला नाही. कुणीतरी बाहेर जेवून येतं, काहीतरी उरतं. त्या मोकळ्या जागी मी पेन्सिलीने 'डबा' असं लिहिलं. शुक्रवारी भोपळ्याचं सूप. शनिवार-रविवार बटाटे, कांदे आणि उरलेली अंडी, म्हणजे ज्यांना कुठलीच घाई नाही ती मंडळी. (बटाटे टोपलीतच बरे. फ्रीजमध्ये त्यांच्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते आणि तळले की आतून कच्चे, बाहेरून काळे होतात.)

बुधवारपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे झालं. गुरुवारी खरंच बाहेर जेवलो. शुक्रवारी संध्याकाळी सूपसाठी कांदा चिरला, आलं किसलं, पातेलं तापत ठेवलं आणि टोपलीतून भोपळा उचलला. बोटं मऊ कशात तरी रुतली. उलटा केला. बियांच्या पोकळीत पांढरी, कापसासारखी बुरशी, आणि चिरलेल्या कडेवर एक बुळबुळीत पट्टा.

रविवारचा फोटो पुन्हा उघडून बघितला. त्यात भोपळा अगदी धडधाकट दिसतोय, कारण साल कॅमेऱ्याकडे आहे आणि चिरलेली बाजू टोपलीच्या भिंतीकडे. मी साल बघून त्याला 'राहतंय'च्या ढिगात टाकलं होतं. अख्खा भोपळा महिनोन्‌महिने राहतो तो त्या सालीच्या जोरावर. एकदा सुरी लागली की तो पालकाचा भाऊ. बिया आणि आतला धागेदार गर काढून, फोड झाकून फ्रीजमध्ये ठेवायची आणि चार दिवसांत संपवायची. मी तो पाच दिवस टोपलीत उबेला ठेवला. आईने तो उलटा केला असता.

बुरशीचा तेवढा भाग कापून बाकीचा वापरावा असा एक मोह झाला. गाजरासारख्या टणक भाजीवर ठिपका असेल तर बोटभर आतपर्यंत कापून टाकता येतो. पण हा मऊ पडला होता, आणि मऊ वस्तूत बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. टाकला. परतलेल्या कांद्यात बटाटे घातले आणि शनिवारचं जेवण शुक्रवारीच झालं.

या रविवारी फोटो काढण्याआधी मी प्रत्येक वस्तूची चिरलेली बाजू कॅमेऱ्याकडे केली. अर्धा लिंबू, कोबीचा उरलेला तुकडा, कांद्याची एक वाटी. शाळेच्या ग्रुप फोटोत मास्तर हनुवटी धरून पोरांचे चेहरे फिरवायचे, तसं वाटलं. फोटो बरा आला आहे. मागे तो स्टीलचा डबाही दिसतोय, होता तिथेच. त्याच्यासाठी पुन्हा गुरुवार लिहिलाय.