मुलाची मान डोलली म्हणजे होकार नव्हे

शोधनिबंध लिहायला दोन महिने लागले आणि नैतिकता समितीची मंजुरी मिळवायला पाच. त्यातले चार महिने एका संमतीपत्रावर गेले. तो राग अजून उतरलेला नाही.

विषय साधा वाटला होता: सात ते नऊ वर्षांची मुलं धर्म घरातून किती उचलतात आणि शाळेतून किती? शाळेच्या मुख्याध्यापकांनी लगेच परवानगीचं पत्र दिलं. मी खुशीत ते फाइलला जोडलं आणि फाइल परत आली. शाळेची परवानगी म्हणजे फक्त दार उघडणं. आत बसलेल्या मुलाचा होकार वेगळा आणि पालकांची लेखी संमती वेगळी. पालकांनी चिठ्ठी परत पाठवली नाही तर 'हरकत नाही' असं मी धरलं होतं. धर्मासारख्या विषयात तेही चाललं नाही.

दुसऱ्यांदा फाइल अडली ती एका प्रश्नावर: 'तू देवाला मानतोस का?' समितीतल्या बाई म्हणाल्या, "समोर मोठं माणूस बसलंय, शाळेची खोली आहे. पोर घरचं पाठ उत्तर देईल. किंवा तुमच्या चेहऱ्यावर दिसेल ते." तेव्हा मी चिडले. पण 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी मुलांना 'मांजर कॅथलिक असू शकतं का?' असं विचारलं होतं, ते आठवलं. श्रद्धेची परीक्षा न घेता मूल धर्म कशाला म्हणतं ते त्यातून कळतं: प्रार्थनेला जाणं, जन्म, की मनातलं काही. मग मीही गोष्टीतल्या दोन मुलांबद्दल प्रश्न बांधले.

(हे आधी सांगायला हवं होतं: 'सगळं गुप्त राहील' असं मुलाला लिहून देऊ नका. घरी मारहाण होते असं त्यानं सांगितलं तर गप्प बसता येत नाही, हे त्याला आधीच सोप्या शब्दांत सांगावं लागतं. आणि वर्गात एखाद्या धर्माचं एकच मूल असेल तर नाव काढूनही ते ओळखू येतं. धर्माचा रकाना मोठ्या गटात मिसळा.)

तिसऱ्या फेरीत समितीनं लाल कार्ड मागितलं. मुलानं ते टेबलावर ठेवलं की मुलाखत थांबवायची, कारण विचारायचं नाही. मला ते नाटक वाटलं. पूर्वचाचणीत आठ वर्षांची एक मुलगी सगळ्याला मान डोलवत होती. 'गोष्टीतल्या मुलीला प्रार्थनेला जायचं नसेल तर ती आईला काय सांगेल?' असं विचारल्यावर तिनं दाराकडे बघितलं, तिची आई बाहेर बसली होती. मग कार्ड हळूच माझ्याकडे सरकवलं.

आई आत आली आणि म्हणाली, "अगं, सांग ना ताईंना!" मी वही मिटली. त्या ओळीपुढे मी फक्त एक रेघ मारली आणि तिच्या आधीच्या सगळ्या 'हो'सुद्धा विश्लेषणातून काढून टाकल्या.