बढतीनंतरचा रजेचा अर्ज

आज माझ्या गटातील एका सहकाऱ्याने, बढतीचे पत्र मिळून नऊच दिवस झाले असताना, बारा दिवसांच्या रजेचा अर्ज पाठवला. तो वाचताच 'हा बढतीचीच वाट पाहत होता' असा विचार माझ्या मनात आला, याची मला खंत वाटते. त्याच्या बहिणीचे लग्न चार महिन्यांपूर्वीच ठरले होते. परंतु मूल्यांकनाच्या काळात रजेचा विषय काढल्यास श्रेणी घसरेल, या भीतीने तो गप्प राहिला होता.

आमच्याकडे स्वमूल्यांकनाचा फॉर्म भरून झाल्यावर व्यवस्थापकांच्या बैठकीत श्रेणी ठरते आणि तेथे कर्मचारी स्वतः नसतोच. त्याची बाजू मी मांडतो. खरा धोका अलीकडचेच ठळक आठवण्याच्या सवयीत असतो, कारण शेवटच्या पंधरवड्यात रखडलेले एखादे काम आधीच्या दहा महिन्यांना झाकून टाकते. चार महिन्यांपूर्वी कळवलेली रजा मी कॅलेंडरवर नोंदवून विसरलो असतो.

अर्जात मला खटकले ते वेगळेच होते. नव्या पदावरची त्याची पहिली आढावा बैठक नेमकी त्या बारा दिवसांत येत होती आणि तिचा उल्लेखच नव्हता. दुपारी आम्ही एकत्र बसलो, बैठक तीन दिवस अलीकडे घेतली आणि कोणते काम कोण पाहील, कोणता निर्णय त्याच्यासाठी थांबेल, हे त्याने लिहून दिले. रजा मंजूर केली. वरिष्ठांना कळवताना लग्न कधी ठरले, हे मी पहिल्याच ओळीत लिहिले.