यीस्ट मोजणी, नोंद ३ : पाकीट मेलेलं नव्हतं, पाणी गार होतं

मागच्या नोंदीत मी छाती ठोकून लिहिलं होतं की फ्रीजमधलं वर्षभर जुनं उघडं ड्राय यीस्टचं पाकीट संपलंय, जेमतेम ३८ टक्के जिवंत. ते मागे घेतो. मोजणी बरोबर होती, चूक त्याच्या आधी अर्धा तास झाली होती.

नवीन लोकांसाठी सेटअप थोडक्यात सांगतो. चेंबर म्हणजे मायक्रोस्कोपखाली पेशी मोजायची, ग्रिड कोरलेली जाड पट्टी, माझी इंप्रूव्ह्ड न्यूबाऊर प्रकारची, चुलतभावाने डीएमएलटी करताना वापरलेलं, एका कोपऱ्यात टवका उडालाय पण ग्रिड शाबूत आहे. मेलेल्या पेशी निळ्या करणारा रंग ट्रिपॅन ब्लू ०.४ टक्के, तयार द्रावण. हा रंग स्वयंपाकाच्या भांड्यात, चमच्यात अजिबात जाऊ द्यायचा नाही, कॅन्सरकारक असल्याचा संशय असलेल्या रसायनांत तो मोडतो, त्यामुळे ग्लोव्हज घालायचे आणि यासाठी वेगळं टेबल. (आमच्याकडे ते इस्त्रीचं टेबल आहे, घरून बोलणी खाऊन झालीत.)

ग्रिडचं गणित एकदा डोक्यात बसलं की पाठांतर लागत नाही. मधला मोठा चौकोन १ मिमी बाय १ मिमी, काचेखालची खोली ०.१ मिमी, म्हणजे त्यावर ०.१ घन मिमी द्रव, म्हणजे एका मिलीचा दहा हजारावा भाग. या चौकोनाचे २५ भाग आहेत आणि प्रत्येक भागात परत १६ बारीक घरं. यीस्ट लहान आणि भरपूर असतं म्हणून मी चार कोपरे आणि मधला असे २५ पैकी ५ भाग मोजतो. पाचांची बेरीज गुणिले ५ केली की पूर्ण चौकोन, गुणिले १०,००० केलं की एक मिली, आणि शेवटी जेवढं डायल्यूट केलं तेवढ्याने गुणायचं. बस.

रेषेवर बसलेल्या पेशींचं भांडण नेहमीचं. वरच्या आणि डाव्या रेषेवरच्या घ्यायच्या, खालच्या आणि उजव्या सोडायच्या, नाहीतर तीच पेशी शेजारच्या घरातही मोजली जाते. यीस्टला कोंब असतो तो आईच्या निम्म्यापेक्षा मोठा असेल तर दोन धरतो, नाहीतर एकच. नियम कुठलाही घ्या पण मध्येच बदलू नका, मी पहिल्या आठवड्यात मूडप्रमाणे ठरवत होतो.

आता मूळ गोष्ट. मागच्या वेळी १ ग्रॅम यीस्ट १०० मिली पाण्यात ढवळलं, पाणी थेट माठातलं, म्हटलं पाण्याला काय होतंय. त्यातलं १०० मायक्रोलिटर घेऊन ९०० मायक्रोलिटर सलाइनमध्ये टाकलं (दहापट), मग त्यातलं ५० आणि ट्रिपॅन ब्लू ५० (दुप्पट), एकूण वीसपट. पाच भागांत १४३ पेशी, त्यातल्या ८८ निळ्या. जिवंत पेशीचं आवरण या रंगाला आत येऊ देत नाही, ती चकचकीत पांढरी दिसते, आवरण फुटलं की रंग आत घुसतो. म्हणून मी लिहिलं की पाकीट गेलं.

मग त्याच पाकिटातल्या यीस्टने पाव बऱ्यापैकी फुगला. साठ टक्क्यांहून जास्त यीस्ट मेलेलं असताना हे व्हायला नको होतं, आणि दोन दिवस हेच डोक्यात. शेवटी लक्षात आलं की कोरड्या यीस्टचं आवरण सुरकुतलेलं असतं, पाणी मिळाल्यावर ते परत नीट बसायला हवं, आणि गार पाण्यात ते बसायच्या आतच पेशीतला माल बाहेर गळतो. म्हणजे पेशी पाकिटात मेल्या नव्हत्या, मी त्यांना ग्लासात मारत होतो. पावाच्या वेळी मात्र सवयीने कोमट पाणी घेतलं होतं!

परवा तेच पाकीट, पण पाणी ३८ अंश, थर्मामीटर लावून, १५ मिनिटं न हलवता ठेवलं, मग ढवळलं. डायल्यूशन तेच. पहिलं लोडिंग, म्हणजे चेंबरमध्ये सोडलेला पहिला थेंब, फेकून दिलं, कारण पाच भागांत ८, ४७, १५, ५२, २१ असे आकडे आले. बेरीज काढून मोकळं व्हायचा मोह होतो पण असा उतार-चढाव म्हणजे पेशी नीट पसरलेल्याच नाहीत. कारण साधं होतं, ट्यूब दोन मिनिटं उभी ठेवून फोनवर बोलत होतो आणि यीस्ट तळाशी बसलं. आता पिपेट बुडवायच्या आधी दर वेळी ट्यूब उलटसुलट करतो.

दुसरं लोडिंग: २४, ३१, २७, २६, ३१. बेरीज १३९, निळ्या ३४.

१३९ × ५ × १०,००० = ६९.५ लाख, हे चेंबरमधल्या द्रवाचं. गुणिले २० म्हणजे १३.९ कोटी प्रति मिली, मूळ १०० मिलीमधलं. (आधी मी १० नेच गुणलं होतं, रंगानेही दुप्पट डायल्यूट होतं हे विसरून. ही चूक पटकन दिसत नाही कारण टक्केवारी तीच राहते, फक्त आकडा निम्मा होतो.) जिवंत १०५, म्हणजे १०.५ कोटी प्रति मिली, ७५ टक्क्यांच्या जरा वर.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे एकूण आकडा. गार पाण्यात १४३, कोमट पाण्यात १३९, म्हणजे जवळपास तोच. पेशी तितक्याच होत्या, फरक पडला तो फक्त निळ्यांत. आणि १४३ नि १३९ मधला फरक मनावर घेऊ नका, १४० पेशी मोजल्या की साधारण १२ इकडेतिकडे नुसत्या योगायोगाने होतात, जवळजवळ साडेआठ टक्के. चाळीसच मोजल्या तर तोच घोळ सोळा टक्क्यांवर जातो, म्हणून शंभराच्या खाली मी थांबत नाही.

चेंबरवर झाकायच्या काचेबद्दल एकाने विचारलं होतं, साधी चालेल का. साधी पातळ कव्हर स्लिप चालत नाही, ती लवते आणि मग ०.१ मिमी खोली ०.१ राहत नाही. चेंबरसोबतची जाड काचच लावायची, कडेवर दाबल्यावर इंद्रधनुष्यासारखी वलयं दिसली की ती नीट बसली. थेंब कडेने आपोआप आत ओढला गेला पाहिजे, बाजूच्या चरीत सांडला तर पुसून परत. दिसत नसेल तर मायक्रोस्कोपच्या कंडेन्सरची झडप थोडी मिटवा, फार उजेडात रेषाही जातात आणि पेशीही. आणि रंग मिसळल्यावर तीन ते पाच मिनिटांत मोजून संपवा, रेंगाळलात तर जिवंत पेशीही हळूहळू निळ्या व्हायला लागतात.

काल नवीन पाकीट तसंच ३८ अंशांत भिजवून मोजलं: १४७ पैकी ११ निळ्या, जिवंत १३६, म्हणजे १३.६ कोटी प्रति मिली. जुन्याचे १०.५ भागिले १३.६, म्हणजे ०.७७. ज्या पावाला नवीन ५ ग्रॅम लागतं त्याला जुनं साडेसहा. अर्थात निळी नाही म्हणजे आवरण शाबूत आहे एवढंच, ती पेशी पुढे वाढेल का ते यातून कळत नाही, त्यासाठी प्लेटवर कॉलनी काढाव्या लागतील आणि अगार अजून आलेलं नाही. तोवर साडेसहा ग्रॅमवाला पाव रविवारी लावतोय, बरणीवर रबरबँड लावून किती चढतो ते बघतो.