आत्याच्या डोक्यावरचा खांब

आत्याच्या पंचाहत्तरीला तिचा एक फोटो मोठा करून फ्रेम करायचं ठरलं. फोटो झकास होता, फक्त विजेचा सिमेंटचा खांब बरोबर तिच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसत होता. वर तारांचं जाळंही होतं. काम गिम्प या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं, मूळ लेयरची कॉपी करून.

तारा आधी काढल्या. त्या आकाशात मोकळ्या होत्या, हील टूलने चटकन पुसल्या गेल्या. पण हेच टूल डोक्याजवळ नेलं की गडबड होते. ते आजूबाजूचा रंग मिसळून घेतं, त्यामुळे केसांचा राखाडीपणा आकाशात ओढला जातो आणि डोक्याभोवती धुरकट डाग उमटतो.

म्हणून खांबासाठी वेगळा मार्ग. आकाश क्षितिजाकडे फिकट होत जातं, त्यामुळे तुकडा त्याच उंचीवरचा हवा. खांबाच्या उजवीकडची, खांबापेक्षा जराशी रुंद अशी आकाशाची उभी पट्टी निवडली, कॉपी करून नव्या लेयरवर पेस्ट केली आणि फक्त आडवी सरकवून खांबावर आणली. वर-खाली अजिबात हलवली नाही. तरी डावीकडे सांधा दिसला, कारण सूर्य त्या बाजूला असल्याने तिथलं आकाश किंचित उजळ होतं. मग डावीकडचीही तशीच पट्टी आणून पहिलीवर ठेवली, तिला लेयर मास्क दिला, म्हणजे त्यावर पांढरं असेल तिथे लेयर दिसते आणि काळं असेल तिथे लपते, आणि मास्कवर पांढऱ्यातून काळ्यात जाणारा आडवा ग्रेडियंट ओढला. डावीकडे डावं आकाश, उजवीकडे उजवं, मधे दोन्ही मिसळलेली. सांधा गेला!

खरी कसोटी केसांची. पट्ट्या डोक्यावरही आल्या होत्या. दोन्ही पट्ट्या एका लेयरमध्ये एकत्र केल्या, तिला मास्क दिला आणि बारीक, मऊ कडेच्या काळ्या ब्रशने डोक्याचा भाग परत उघडा केला. वाऱ्याने उडालेल्या चारदोन बटा मात्र खांबावरूनच गेल्या होत्या. त्या वाचवायला गेलं तर प्रत्येक बटेला सिमेंटची किनार चिकटून येत होती. त्या सरळ घालवल्या, शेजारच्या केसांचा रंग उचलला आणि नव्या लेयरवर दोन पिक्सेलच्या ब्रशने डोक्यापासून बाहेरच्या दिशेने पुन्हा काढल्या, टोकाकडे पुसट करत. बटा अजिबात नसत्या तर तेवढीच कड कात्रीने कापल्यासारखी दिसली असती.

शेवटी तपासणी. सगळं मिळून एक तात्पुरती लेयर केली आणि कर्व्ह्जने कॉन्ट्रास्ट बेसुमार वाढवला. साध्या नजरेला न दिसणारे डाग असे लगेच उघडे पडतात. कानाच्या वर एक आडवी रेघ सापडली. तारेचा उरलेला तुकडा होता. तो काढला, तात्पुरती लेयर उडवली आणि प्रिंटला दिलं.

आत्याने फ्रेम हातात घेतली आणि विचारलं, "अरे, आपल्या दारातला खांब कुठे गेला?"