तुम्ही विचारलंत म्हणून: दुतोंड्या मारुती आणि अठ्ठेचाळीस तास

“गेम जॅममध्ये दोन दिवसांत मोबाइलचा खेळ तुम्ही पूर्ण कसा केलात? आमचा दरवेळी अर्धवटच राहतो.”

उत्तरासाठी एकाच जॅमची हकिकत सांगतो, कारण माझा निर्णय कुठे बदलला हे त्या जॅममध्ये मला नीट आठवते. नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात शुक्रवारी संध्याकाळी 6 वाजता विषय जाहीर झाला, “वाढत जाणारे”, आणि रविवारी संध्याकाळी 6 ला खेळ जमा करायचा होता. आम्ही तिघे होतो: मी प्रोग्रामिंगला, एक मैत्रीण चित्रांना आणि एक मित्र आवाजांना. नाशिककराला वाढणारी गोष्ट म्हटली की पावसाळ्यातली गोदावरी आठवते. गंगापूर धरणातून पाणी सोडले की गोदाघाटावरचे विक्रेते आपला माल घेऊन पायऱ्या चढू लागतात आणि गावात एकच प्रश्न असतो, पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर आले? आमचा खेळ तिथेच सापडला. खालच्या पायरीवरच्या टोपल्या बोटाने ओढून वरच्या पायरीवर न्यायच्या, आणि पाणी चढत राहणार.

पहिल्या तासात आम्ही जे सुचेल ते कागदावर लिहिले: पाच पातळ्या, मिळालेल्या पैशांतून मोठी टोपली विकत घेण्याचे दुकान, इंटरनेटवर गुणांची यादी, फोन तिरका करून टोपली सरकवणे, विक्रेत्यांचे संवाद. माझ्या मते खेळ अर्धवट राहण्याचे मूळ या कागदात नसते. त्यापुढे तास लिहिले जात नाहीत आणि उपलब्ध तास खोटे धरले जातात, हे ते मूळ. अठ्ठेचाळीसमधून दोन रात्रींची झोप 12 तास आणि जेवण, जाणे-येणे, वीज-इंटरनेटच्या अडचणी यांचे 6 तास वजा केले की 30 उरतात. शेवटचे 6 तास नवे काहीही न करता फक्त तपासणी आणि जमा करण्यासाठी राखले की 24. माझे अंदाज नेहमी निम्मे निघतात, हे मला आधीच्या जॅमवरून माहीत होते, म्हणून कागदावर 12 तासांत बसेल एवढेच काम मी घेऊ शकत होतो. येथे तिघांचे तास एकत्र जोडायचे नाहीत. चित्र आणि आवाज बाजूला समांतर तयार होतात, पण शेवटी प्रत्येक गोष्ट खेळात बसवायला प्रोग्रामरच्याच हातून जाते, म्हणून त्याचेच तास मोजायचे.

मग प्रत्येक ओळीपुढे आकडे मांडले. टोपली ओढणे 2, पाण्याचे चढणे 1, तीन प्रकारचे सामान 2, सुरुवातीचा आणि शेवटचा पडदा 2, आवाज 1, म्हणजे 8. शिवाय खेळ फोनवर चढवण्याचे 3. एकूण 11. उरलेल्या ओळींची बेरीज 27 झाली आणि त्यात दुकानाचे एकट्याचे 8 होते. दुकान म्हणजे एक पडदा असे वाटते, पण त्यामागे पैसे मोजणे, ते जपून ठेवणे, किमतींचा समतोल साधणे आणि मोठी टोपली मिळाल्यावरही खेळ अवघड राहील याची खात्री करणे, एवढे सगळे येते. म्हणून एखादी ओळ ठेवायची की नाही हे ठरवताना मी एकच प्रश्न विचारतो: ही नसेल तर टोपली ओढण्यात आणि पाणी चढण्यात काही बिघडते का? दुकान, यादी, तिरका फोन आणि संवाद या चारही ओळींना उत्तर “नाही” असे आले.

पाच पातळ्या मात्र मनातून जाईनात, कारण खेळ हळूहळू अवघड होतो आहे हे खेळणाऱ्याला जाणवायला हवे होते. तिथे मैत्रिणीने उपाय सुचवला. पडद्याच्या कडेला दुतोंड्या मारुतीचे एकच मोठे चित्र ठेवायचे आणि त्याच्या मागून निळा पट्टा वर सरकवायचा. पाणी गुडघ्याला लागले की वेग थोडा वाढतो, कमरेला लागले की आणखी, गळ्याशी आले की टोपल्या दुप्पट येतात, आणि डोक्यावर गेले की खेळ संपतो. या एका चित्राने वेळ दाखवणारे घड्याळ, पातळीचा क्रमांक आणि अवघडपणाची सूचना अशी तीन कामे केली. ओळी खोडून काम कमी होते, तसेच एका गोष्टीकडून अनेक कामे करवून घेऊनही होते, आणि मला हा दुसरा मार्ग अधिक मोलाचा वाटतो.

खेळ बनवायला गोडो हे इंजिन आम्ही वापरत होतो. शुक्रवारी रात्री 10 च्या आत एक रिकामा राखाडी चौकोन खऱ्या फोनवर बोटाने हलवून पाहायचाच, असा माझा आग्रह होता. अँड्रॉइडसाठी खेळ बाहेर काढायला JDK, Android SDK, सहीची फाइल आणि इंजिनच्या नेमक्या त्याच आवृत्तीचे एक्स्पोर्ट टेम्प्लेट लागतात. यांतले एखादे जुळले नाही की नुसती तांबडी ओळ दिसते. ती ओळ शुक्रवारी दिसली तर दोन तास जातात, रविवारी दुपारी दिसली तर सगळा खेळ जातो.

फोनवर लवकर जाण्याचा खरा लाभ शनिवारी संध्याकाळी कळला. लॅपटॉपवर माउसने सगळे सुरळीत चालत होते. मैत्रिणीच्या आईंच्या हातात फोन दिला, तेव्हा त्या म्हणाल्या, “अरे, माझ्या बोटाखाली काय आहे ते मला दिसतच नाही.” माउसचा बाण काही झाकत नाही, बोट झाकते. शिवाय काकूंचे दुसरे बोट सहज पडद्याला लागले की टोपली उडी मारून तिकडे जात होती, कारण माउस एकच असतो आणि बोटे अनेक. उपाय थोडक्यातच होता: पहिल्याच बोटाचे ऐकायचे आणि टोपली बोटाच्या थोडी वर दाखवायची.

```gdscript
func _input(event):
    if held and event is InputEventScreenDrag and event.index == 0:
        held.position = event.position - Vector2(0, 120)
```

टोपलीचा स्पर्श ओळखणारा भागही चित्रापेक्षा मोठा केला, कारण अँड्रॉइडच्या मार्गदर्शनानुसार बोट ठेवायची जागा निदान 48 dp असावी आणि आमच्या फुलांच्या टोपल्या त्याहून लहान होत्या. या दुरुस्त्यांना तीन तास लागले. कागदावर दुकान असते, तर हे तीन तास आमच्याजवळ नसते.

रविवारी दुपारी 12 ला नवे काम थांबवले. पाण्यात पडणाऱ्या टोपलीचे सुंदर चित्र 12 वाजून 20 मिनिटांनी तयार झाले, आणि मैत्रिणीला वाईट वाटत असूनही ते बसवले नाही. अनोळखी APK फाइल फोनवर चढवायला अनेक जण कचरतात, म्हणून ब्राउझरमध्ये चालणारी प्रतही काढली. त्यात सुरुवातीला आवाजच येईना. पडद्याला स्पर्श होईपर्यंत ब्राउझर आवाज सुरू होऊ देत नाही, हे लक्षात आल्यावर सुरुवातीच्या पडद्यावर “स्पर्श करा” असे लिहिले आणि त्या स्पर्शानंतरच नदीचा आवाज सुरू केला. 5 वाजून 10 मिनिटांनी दोन्ही प्रती जमा झाल्या.

शेजारच्या गटातल्या एका मुलाने फोन एका हातात धरून अंगठ्याने खेळायला घेतले, तेव्हा वरची पायरी त्याच्या अंगठ्याला पोचत नव्हती. आम्ही तिघेही दोन दिवस फोन टेबलावर ठेवून खेळत होतो, त्यामुळे हे आमच्या ध्यानातच आले नव्हते. पुढच्या जॅमच्या कागदावर त्यासाठी आता पहिल्या रात्रीचा अर्धा तास लिहिलेला असतो.