वर्कस्टेशन टेबल, नोंद दुसरी: मॉडेलमध्ये माणूस बसवला

मागच्या नोंदीत टेबलाचा सांगाडा फ्रीकॅडमध्ये काढून झाला होता: १५०० लांब, ७०० खोल, उंची सुताराच्या सवयीप्रमाणे अडीच फूट म्हणजे ७६२ मिमी, वर २५ मिमीचा टॉप, पुढच्या कडेखाली ७५ मिमीची पट्टी आणि मागे भिंतीलगत फायलींची फळी. टेबल वापरणारे आम्ही दोघं. मी १७३० मिमी, बायको १५४०. ती दिवसभर हिशेबाचं काम करते, म्हणजे कीबोर्डवर माझ्यापेक्षा जास्त वेळ तीच असते. तेव्हा लाकूड आणण्याआधी दोघांनाही मॉडेलमध्ये बसवून बघायचं ठरवलं.

आयता मिळणारा पुतळा इथे फारसा कामाचा नाही. स्केचअप उघडल्यावर समोर जो माणूस दिसतो तो सपाट असतो, कॅमेऱ्याकडे तोंड वळवत राहतो आणि उभा असतो. खोली केवढी आहे याचा अंदाज त्यावरून येतो, पण मांडी पट्टीला लागते का हे तो सांगू शकत नाही. म्हणून फ्रीकॅडमध्ये सिलिंडर आणि गोल वापरून सांध्यासांध्यांचा माणूस केला. अवयवांच्या लांबीसाठी ड्रिलिस आणि कॉन्टिनी यांची १९६६ सालची प्रमाणं घेतली: दंड उंचीच्या ०.१८६ पट, कोपर ते मनगट ०.१४६, मांडी ०.२४५. स्प्रेडशीटमध्ये उंचीचा एकच रकाना ठेवला आणि बाकी सगळं त्याला बांधलं. १५४० टाकलं की बायको, १७३० टाकलं की मी.

लांबीपुरतं हे छान चालतं. बसल्यावर मात्र गडबड होते, कारण ही प्रमाणं उभ्या, ताठ शरीराची आहेत. खांदा ०.८१८ वर आणि खुब्याचा सांधा ०.५३० वर, म्हणजे मधलं अंतर ०.२८८. त्यातून दंड वजा केला की कोपर खुब्याच्या वर ०.१०२ पट येतं. बायकोच्या उंचीला हे १५७ मिमी. खुब्याचा सांधा बैठकीपासून साधारण ८५ वर धरला, तर कोपर बैठकीपासून २४२ वर. टेपने मोजलं तर भरलं २१५. हा फरक पोक काढून बसण्याचा. कामाला बसल्यावर तासाभराने कोण ताठ असतं? शिवाय मांडीची जाडी उंचीवरून काढताच येत नाही. त्यामुळे पुतळ्याच्या लांब्या प्रमाणातून घ्या, पण बसल्यावरची तीन मापं टेपनेच घ्या आणि पुतळ्याचे सांधे त्या मापांवर आणून ठेवा.

मोजायला गादीची खुर्ची नको, कडक स्टूल हवं. पावलं जमिनीवर सपाट, मांड्या आडव्या. पहिलं माप जमिनीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंत. दुसरं स्टुलापासून कोपराखालपर्यंत, दंड सैल सोडून आणि हात काटकोनात धरून. तिसऱ्यासाठी मांडीच्या सगळ्यात जाड भागावर फूटपट्टी आडवी टेकवायची आणि तिच्या खालच्या कडेपासून स्टुलापर्यंत मोजायचं. बायकोची मापं आली ३९०, २१५ आणि १३०. माझी ४४०, २४० आणि १५०. दोघंही अनवाणी मोजलो, कारण घरात टेबलाशी बूट घालून कोणी बसत नाही. परदेशी तक्त्यांत बुटाच्या टाचेसाठी दोनअडीच सेंटिमीटर धरलेले असतात. ते तसेच उचलले तर खुर्ची आपोआप तेवढी उंच ठरते.

आता पुतळा ठेवायचा कसा? पावलं जमिनीवर टेकवून सुरुवात करावीशी वाटते, पण कीबोर्डच्या टेबलाला कोपरापासून खाली येणं सोयीचं. माझा कीबोर्ड २५ मिमी जाड आहे, म्हणून कोपर टॉपच्या २५ वर ठेवलं, तिथून बैठक किती उंच येते ते काढलं, आणि पाय लोंबले तर खाली पाट. अडीच फुटांच्या टेबलाला कोपर ७८७ वर हवं. बायकोसाठी बैठक ५७२ वर जाते, माझ्यासाठी ५४७ वर. आमची खुर्ची माणूस बसलेला असताना ४३० ते ५२० एवढीच खालीवर होते. (हे बसूनच मोजा, गादी दबते.) म्हणजे ती पूर्ण वर घेतली तरी बायकोचं कोपर ५२ मिमी कमी पडतं आणि ती खांदे उचलून टाइप करणार. माझंही २७ कमी पडतं.

सुताराला हे दाखवलं तर तो म्हणाला, "साहेब, टेबल खाली घेतलं की मांड्या अडकतात, म्हणून तर अडीच फूट ठेवतात." मांड्या अडकतात हे त्याचं खरं आहे, पण त्याला उंची कारण नाही. बायकोच्या आकड्यांवर बघा. कोपर बैठकीच्या २१५ वर. त्यातून कीबोर्ड २५, टॉप २५ आणि मांडी १३० वजा केली की उरतात ३५. या वजाबाकीत जमीन कुठेच नाही. कोपर कीबोर्डच्या पातळीला ठेवायचं असेल, तर टेबल ७६२ ला असो की ६६० ला, मांडीवर मोकळी जागा ३५ मिमीच. माझ्यासाठी ४०. टेबल उंच केलं की खुर्चीही तेवढीच वर जाते, आणि मांडीही सोबत. टॉपच्या खाली ७५ मिमीची पट्टी ठेवली तर ती बायकोच्या मांडीत ४० मिमी घुसते, कुठल्याही उंचीला. अडीच फुटांच्या टेबलावर ती जाणवत नाही, कारण तिथे माणूस कोपर खाली ठेवूनच बसलेला असतो. मांडीची सोय खांद्याच्या जिवावर झालेली असते. पुढच्या कडेखालच्या ड्रॉवरचंही हेच गणित, म्हणून तो यादीतून कटाप.

पट्टी मागे सरकवली. माझ्या गुडघ्याचं टोक पुढच्या कडेपासून सुमारे २७५ आत जातं, तेव्हा पट्टी ४०० वर ठेवली. टॉपला झोल येऊ नये म्हणून एका बाजूला ४०० रुंदीचा ड्रॉवरचा खण आधार म्हणून घेतला, त्यामुळे मधला मोकळा गाळा जेमतेम एक मीटरचा राहिला.

टॉपची उंची ६६० ठरवली. माझी बैठक ४४५ ला येते, पाय जवळपास टेकतात. बायकोची ४७० ला येते, तिला ८० मिमीचा पाट लागेल. दोन्ही आकडे खुर्चीच्या टप्प्यात बसतात.

अंतरं डोळ्यांनी बघून ठरवू नका. फ्रीकॅडच्या पायथन कन्सोलमध्ये एवढं पुरतं:

```python
def jagevar(nav):
    o = App.ActiveDocument.getObject(nav)
    s = o.Shape.copy()
    s.Placement = o.getGlobalPlacement()
    return s

a, b = jagevar("Mandi"), jagevar("Patti")
print(a.distToShape(b)[0], a.common(b).Volume)
```

पहिला आकडा अंतर, दुसरा एकमेकांत घुसलेला भाग. दोन्ही लागतात, कारण नुसतं टेकलं तरी अंतर शून्य येतं आणि आरपार गेलं तरी शून्यच. `getGlobalPlacement` ची ओळ गाळू नका. पुतळ्याचे अवयव एका `App::Part` मध्ये एकत्र ठेवले असतील तर नुसत्या `Shape` ला त्या डब्याची जागा माहीत नसते. ओळखायची खूण सोपी आहे: पूर्ण पुतळा हातभर सरकवला तरी अंतराचा आकडा ढिम्म हलत नाही.

पोच तपासताना माझी फळी नापास झाली. खांद्यापासून मुठीच्या मध्यापर्यंत उंचीच्या ०.३८ पट धरलं, बायकोसाठी ५८५ मिमी. तिच्या खांद्यावर या त्रिज्येचा गोल ठेवला. खांदा टॉपच्या ३११ वर आहे, म्हणून टॉपच्या पातळीला गोलाचा छेद ४९५ त्रिज्येचा येतो. पण खांदा टेबलाच्या कडेवर नसतो. पोट आणि मधली ७० मिमीची फट धरून तो कडेच्या १८० मागे असतो. म्हणजे न वाकता हात कडेपासून ३१५ पर्यंतच जातो. ७०० खोलीच्या टेबलाचा अर्ध्याहून जास्त भाग तिच्यासाठी नुसता सामान साठवायचा.

फळीचं तर त्याहून वाईट. २५० खोलीची फळी भिंतीलगत, म्हणजे तिची पुढची कड टेबलाच्या कडेपासून ४५० वर आणि खांद्यापासून ६३० वर. हात ५८५. फळी कितीही वर किंवा खाली घेतली तरी बसल्या जागेवरून पोचत नाही. इथे उंचीशी खेळण्यात अर्थ नव्हता, खोलीच कमी करावी लागली. ६०० खोलीला फळीची कड खांद्यापासून ५३० वर येते आणि हात खांद्याच्या वर २४८ पर्यंत जातो, म्हणजे जमिनीपासून १२१९. मॉनिटरची वरची कड ११०० वर आहे, फळीचं वरचं अंग ११४८ वर. फळीच्या पुढच्या कडेशी ठेवलेला मोबाईल, स्टेपलर, कॅल्क्युलेटर हाताला येतील. उभ्या फायली खणावरच्या बाजूच्या कप्प्यात गेल्या. मॉनिटर जवळ येईल ही भीती होती, पण डोळ्यापासून पडद्याचं अंतर ५३० च्या आसपास राहतं, ते चालेल.

हे आकडे थोडे कडक आहेत. पुढे हात टाकताना खांदाही पुढे सरकतो, आणि माझ्या पुतळ्यात तो खिळलेला आहे. उलट दिशेची एक गोष्ट पुतळ्यात अजून नाही: खुर्चीचे हात. ते कोपराच्या उंचीला लावले तर टॉपच्या खालच्या अंगापेक्षा ५० मिमी वर असतात (कीबोर्ड अधिक टॉप, इथेही जमीन नाही), म्हणजे टेबलाच्या कडेला आपटणारच. ते पोटाच्या ७० मिमीपेक्षा जास्त पुढे असतील तर खांदा मागे राहील आणि ३१५ ची पोच तेवढी कमी होईल. आमच्या खुर्चीचे हात मोजून मॉडेलमध्ये घालायचे आहेत. ते खाली येत नसतील तर सरळ काढून ठेवणार, चारच स्क्रू आहेत.

टॉप कापायला देण्याआधी जुन्या प्लायचा तुकडा विटा आणि पुठ्ठे लावून ६६० वर आणला आहे. या आठवड्यात बायको त्यावरच काम करतेय. तिची आतापर्यंतची तक्रार एकच आहे, पाट गुळगुळीत फरशीवर सरकतो. त्याला खाली रबर लावणार.