आमची वाटचाल : आधी दार, मग किल्ली

कॉलेज रोडवर दुसऱ्या मजल्यावर आमचं छोटं ऑफिस आहे. मी, माझी पत्नी आणि दोन प्रोग्रॅमर, एवढीच मंडळी. चित्रं पत्नी काढते. सुरुवात झाली ती शाळांच्या सुट्टीतल्या उद्योगवह्यांसाठी छापील भूलभुलैया करून देण्यापासून. आता घर चालतं ते टॅबलेटवरच्या एका खेळावर. मूल जुन्या नाशिकमधल्या वाड्यासारख्या जागेत शिरतं, बोळातून फिरत किल्ली शोधतं, दार उघडतं आणि दुसऱ्या टोकाला बाहेर पडतं.

छापील कामात पत्नी भूलभुलैया हातानं काढायची. मागणी वाढली तशी ते काम संगणकाकडे गेलं, आणि पद्धत आम्ही घेतली ती रिकर्सिव्ह बॅकट्रॅकिंगची. चौकटीतल्या सगळ्या घरांना आधी चारी बाजूंनी भिंती असतात. एका घरात उभं राहायचं, अजून न पाहिलेला एक शेजारी चिठ्ठी टाकल्यासारखा निवडायचा, मधली भिंत पाडायची आणि पुढं जायचं. पुढं नवा शेजारी उरला नाही की आलेल्या वाटेनं मागं फिरायचं आणि जिथं एखादं न पाहिलेलं घर सापडेल तिथून पुन्हा सुरू करायचं.

```python
def carve(cell):
    seen.add(cell)
    nbrs = neighbours(cell)
    random.shuffle(nbrs)
    for n in nbrs:
        if n not in seen:
            open_wall(cell, n)
            carve(n)
```

लहान चौकटीला एवढं पुरतं. मोठ्या चौकटीत मात्र हे फंक्शन स्वतःला बोलावत फार खोल जातं. पायथॉनची मर्यादा मुळात 1000 ची असते आणि 40 बाय 40 च्या चौकटीत 1600 घरं येतात, म्हणून आम्ही आलेली वाट स्वतःच एका यादीत ठेवतो आणि मागं फिरताना तिच्यातलं शेवटचं घर काढून घेतो. भूलभुलैया तसाच तयार होतो, प्रोग्रॅम अडत नाही.

या पद्धतीचे दोन गुण आमच्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया आहेत. एक, 100 घरांत बरोबर 99 भिंती पडतात, त्यामुळे कुठल्याही दोन घरांमध्ये मागं न फिरता जाणारी एकच वाट असते. दुसरा, वाटा लांब आणि वळणावळणाच्या होतात आणि बंद बोळ तुलनेनं कमी पडतात. मुलांना ही लांबी आवडते. दोन पावलांत संपणारे बोळ भरपूर असले की ती कंटाळतात.

बाहेर पडायची जागा ठरवणं त्यात सोपं. सुरुवातीच्या घरापासून पाणी सोडल्यासारखं एकेक पाऊल मोजत सगळीकडे जायचं आणि सगळ्यात लांबचं घर घ्यायचं. ते घर नेहमी बंद बोळाचं टोकच निघतं, कारण त्याच्यापुढं आणखी एखादं घर असतं तर ते याहून लांब ठरलं असतं. छापील कागदावर बाहेरची वाट कडेलाच हवी असते, म्हणून तिथं आम्ही कडेच्या घरांतलंच सगळ्यात लांबचं निवडतो. टॅबलेटवर ती अट नाही.

खरा विचार दार आणि किल्लीला लागतो. कुठेही टाकून दिल्यावर काय होतं ते उघड आहे: किल्ली दाराच्या पलीकडे पडते आणि खेळ संपूच शकत नाही, किंवा दार आडबाजूच्या बोळात लागतं आणि ते न उघडताच मूल बाहेर पडतं. म्हणून आमचा क्रम ठरलेला आहे. दार आधी, आणि तेही सुरुवातीपासून बाहेर जाणाऱ्या मुख्य वाटेवर. वाट एकच असल्यामुळे दार बंद केलं की भूलभुलैयाचे दोन तुकडे होतात. किल्ली सुरुवातीच्या तुकड्यातच हवी. खेळ सुटेल याची खात्री तेवढ्यानं होते, पण तो चांगला होईल याची होत नाही.

एक नमुना सांगतो. 10 बाय 10 ची चौकट, बाहेरची वाट 58 पावलांवर, दार 39 पावलं चालून गेल्यावर. किल्लीसाठी अलीकडे तीन फाटे होते. पहिला 12 व्या पावलावर, 9 पावलं खोल. दुसरा 28 व्या पावलावर, 6 खोल. तिसरा 37 व्या पावलावर, 2 खोल. किल्ली जाता जाता घेतली तर जादा चाल म्हणजे फाट्याच्या खोलीची दुप्पट, अनुक्रमे 18, 12 आणि 4. पण बहुतेक मुलं फाटा चुकवून थेट दारापर्यंत जातात आणि मग परततात. त्यांचा हिशेब वेगळा. दारापासून फाट्यापर्यंत परत, आत, बाहेर आणि पुन्हा दाराशी. पहिल्या फाट्याला ही चाल 72 पावलांची होते, म्हणजे मूळ 58 पावलांच्या वाटेपेक्षा जास्त. दुसऱ्याला 34, तिसऱ्याला 8.

आम्ही दुसरा घेतला. तिसऱ्यात किल्ली दाराच्या शेजारीच पडल्यासारखी होते, शोधण्यासारखं काही उरत नाही. पहिला फाटा मोठ्या मुलांना चालला असता. हा खेळ तिसरीतल्या मुलांचा होता, आणि त्या वयाचं मूल बंद दारापाशी थांबून मागं वळतं तेव्हा त्याला आलेल्या वाटेतला जवळचा फाटा आठवतो, सुरुवातीचा नाही. ओळखीच्या घरची मुलं ऑफिसात खेळायला बसवली की हे समोर दिसतं: बोट दारावर दोनदा आपटतं, मग सरळ अलीकडच्या फाट्याकडे जातं. म्हणून आता आम्ही किल्लीची जागा दोन्ही आकड्यांवर निवडतो, आणि चुकवल्यावरची चाल मूळ वाटेच्या दोन तृतीयांशांपेक्षा जास्त होऊ देत नाही.

बोळ कमी असल्यामुळे कधी कधी या अटीत बसणारा फाटाच मिळत नाही. तेव्हा दार सरकवत बसण्यापेक्षा तो भूलभुलैया टाकून नवा काढणं मला योग्य वाटतं. नवा निघायला क्षणभरही लागत नाही.

वरच्या पातळ्यांत वाटा गोल फिरून एकमेकींना मिळाव्यात म्हणून आम्ही काही बोळांच्या टोकाची एखादी भिंत पाडतो. मग एकच वाट हा नियम मोडतो आणि दाराला वळसा घालता येऊ शकतो. म्हणून प्रत्येक दारासाठी वेगळी तपासणी असते. ती जागा भिंत समजून पुन्हा पावलं मोजायची. तरीही बाहेर पोहोचता आलं, तर तिथं दार लावण्यात अर्थ नाही.

दोन दारं आली की आणखी एक अडचण येते. लाल दाराची किल्ली निळ्या दारामागे आणि निळ्याची लालमागे पडली, तर दोन्ही कायमची बंद. यासाठी सगळी दारं लावून सुरुवात करायची, जेवढं फिरता येईल तेवढं फिरून किल्ल्या गोळा करायच्या, त्यांची दारं उघडायची आणि पुन्हा फिरायचं. नवीन काही मिळेनासं झालं आणि तरी बाहेरचं घर आलं नाही, तर ती पातळी बाद. किल्लीला रंग असण्याबद्दल मी आग्रही आहे तो यामुळेच. एकदा वापरली की संपणारी, कुठल्याही दाराला चालणारी किल्ली दिली, तर मूल ती भलत्या दाराला खर्च करून अडकू शकतं, आणि मग दारं उघडण्याचे सगळे क्रम तपासावे लागतात.

प्रत्येक पातळीचा सीड, म्हणजे चिठ्ठ्या कशा पडल्या ते ठरवणारा आकडा, आम्ही जपून ठेवतो. एखाद्या पालकांचा फोन आला, की पातळीचा क्रमांक विचारायचा, तोच भूलभुलैया दारं-किल्ल्यांसह पुन्हा उभा करायचा आणि मूल कुठं अडलंय ते त्यांच्याशी बोलता बोलताच बघायचं. सध्या प्रोग्रॅमर तीन दारांच्या पातळ्यांवर काम करताहेत, आणि चुकवल्यावरच्या चालीची मर्यादा तिथं प्रत्येक दाराला वेगळी ठेवायची की तिन्हींची मिळून एक, हे मुलांना खेळवून ठरवणार आहोत.